थ्रीडी प्रिंट केलेल्या मुठीवरच्या लेयर लाईन्स फझी स्किनने लपतात का आणि ग्रिप खरंच वाढते का? सँडिंग करायचा कंटाळा येतो, सेटिंग काय ठेवू?

लपतात, आणि वाढते. हाताच्या अवजाराची मूठ असेल तर सँडिंग करूच नका, कंटाळा येवो न येवो. आमच्या घरात यावरून दादाचा आणि माझा वाद अजून चालू आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

निफाडकडे आमचं कांद्याचं वावर आहे, मी राहतो सातपूरला. निंदणीला आईचं जे खुरपं आहे त्याची लाकडी मूठ चिरली तर मी नवीन प्रिंट करायला घेतली. दादाचं म्हणणं, आधी पॉलिश पेपर, मग पुट्टी, मग प्रायमर, मग रंग, तेव्हा कुठे ती वस्तू दिसते. त्याने एक मूठ तशी करून दिलीही, दिसायला शोरूममधली. पण पावसात भिजलेल्या मातकट हातात ती पुढे सरकायला लागली, आणि मूठ सरकते म्हणून आई जास्त आवळून धरणार, मग संध्याकाळी मनगट दुखणार. ज्या मुठीला दिवसभर हात लागतो ती गुळगुळीत करणं मला पटत नाही, पटणारही नाही.

आता फझी स्किन करते काय, तर बाहेरच्या वॉलचा मार्ग सरळ न ठेवता नोझलला आतबाहेर रँडम हलवते. प्रत्येक लेयरला ते टप्पे वेगळ्या जागी पडतात, त्यामुळे उजेड एका रेघेत चमकत नाही आणि लेयर लाईन डोळ्याला सापडत नाही. सीमसुद्धा त्यातच बरीच जिरते.

डीफॉल्टला थिकनेस ०.३ मिमी आणि पॉइंट डिस्टन्स ०.८ मिमी असतं (प्रुसास्लायसरमध्ये). ०.३ हातमोजा घालणार असाल तर ठीक, उघड्या हाताला टोचतं. मी ०.४ च्या नोझलने, ०.२ च्या लेयरला थिकनेस ०.१५ ते ०.२ आणि डिस्टन्स ०.६ च्या आसपास ठेवतो. डिस्टन्स फार कमी केलं की पॉलिश पेपरसारखं खरखरीत होतं, आणि हेड इतकं थरथरतं की प्रिंटला वेळही भरपूर लागतो. अख्खी मूठ लावायच्या आधी दोन सेंटीमीटर उंचीचा तुकडा काढा आणि मुठीत धरून जोरात पिळून बघा, कातडी लाल झाली तर थिकनेस कमी करा.

मोड मात्र ऑर्कास्लायसरमध्ये Contour ठेवा (प्रुसात Outside walls). All walls निवडलंत तर पात्याचं टोक जिथे घुसतं ते भोकही खरखरीत होतं, आतले उंचवटे जागा खातात आणि टोक अर्ध्यातच अडकतं. जोर लावला की मूठ लेयरवरून चिरते. नवीन व्हर्जनमध्ये फझी स्किन ब्रशने रंगवता येते, ती वापरा, पण मग Contour किंवा Outside walls काढून टाका, नाहीतर न रंगवलेला भागही खरखरीत होतो. आईच्या मुठीला अंगठा आणि तर्जनीच्या मधली बेचकी जिथे टेकते तो भाग मी साधाच सोडला, कारण फोड तिथेच येतात, बाकी बोटांखाली आणि तळव्याखाली फझी.

अजून एक, मूठ गोल काढू नका. फझी स्किन हात पुढेमागे सरकू देत नाही, पण हातात गरगर फिरणारी मूठ थांबवायची तर आकारच लंबगोल लागतो. माझी ३२ बाय २६ मिमी आहे. दादा म्हणतो ग्रिप आकारातून येते, टेक्स्चर नुसता देखावा. अर्धं बरोबर आहे त्याचं. पण त्याची गुळगुळीत मूठही लंबगोलच होती आणि तरी सरकली, याचं उत्तर तो देत नाही.

मूठ उभी प्रिंट करा. आडवी केली तर वरच्या सपाट होत जाणाऱ्या भागावर फझी येतच नाही, ती फक्त बाजूच्या वॉललाच लागते, मग अर्धी मूठ खरखरीत आणि वर पायऱ्या दिसतात. उभ्या मुठीत लेयर आडवे असतात म्हणून वाकताना तुटायची भीती, त्यासाठी पात्याचं टोक निम्म्याहून खोल जाऊ द्या, म्हणजे जोर लोखंड घेतं, आणि इपॉक्सीने पक्कं करा. वॉल चार ठेवा, कारण बाहेरची फझी वॉल आतल्या वॉलला सगळीकडे नीट चिकटत नाही. मटेरियल पीईटीजी. पीएलए साधारण ६० डिग्रीला मऊ पडतं, एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत राहिलं की वाकडं होणार.

आणि हो, चिखल या खाचांत बसतो, वाळायच्या आत ब्रशने धुवावं लागतं. स्वयंपाकाच्या सुरीला म्हणूनच मी हे करत नाही. मुठीच्या मागच्या घुमटावर लेयरचे गोल दिसतातच, तिथे फझीचा उपयोग नाही, तेवढ्या जागेला पॉलिश पेपर मारा, दादालाही तेवढं मी करू देतो.