स्पॉटिफायवर ईमेल बदलताना प्लेलिस्ट वाचवायच्या कशा?

प्रश्न: माझं स्पॉटिफाय कॉलेजच्या ईमेलवर आहे. तो आता बंद होणार. नवा जीमेल, नवं नाव आणि फोटो टाकला तर सात वर्षांच्या प्लेलिस्ट जातील का?

उत्तर:

जाणार नाहीत. प्लेलिस्ट आणि Liked Songs ईमेलला नाही, तर खात्याला बांधलेल्या असतात. फक्त एक चूक टाळा: नव्या जीमेलनं Continue with Google दाबू नका. त्या जीमेलवर आधीचं खातं नसेल, तर तिथं नवं कोरं खातं उघडतं.

माझ्या धाकट्या बहिणीचं अगदी हेच झालं. कर्वेनगरच्या होस्टेलवरून घरी आल्यावर तिनं नव्या जीमेलनं लॉगिन केलं आणि समोर रिकामी लायब्ररी. बिचारी रडवेली झाली. मी जुन्या खात्यात जाऊन ईमेल बदलायला गेलो, तर हा पत्ता आधीच वापरात आहे असं उत्तर आलं. अडवत होतं तिचंच ते रिकामं खातं.

मग आधी त्या रिकाम्या खात्याला पासवर्ड ठेवला, त्याचा ईमेल बदलून तिचा दुसरा एक पत्ता दिला. जीमेल मोकळा झाला, तो जुन्या खात्याला लावला. सगळी गाणी जागच्या जागी होती. घाईत खातं बंद करायचा मोह होतो, पण चुकून भरलेलं खातं बंद झालं तर खरंच पंचाईत. म्हणून आधी आतल्या प्लेलिस्ट बघा, मगच हात लावा.

तुमच्यासाठी क्रम असा. कॉलेजचा मेल चालू असतानाच ब्राउझरमध्ये spotify.com/account उघडा आणि आतापर्यंत जसं करत आलात तसंच लॉगिन करा. Edit profile मध्ये नवा ईमेल लिहा, पासवर्ड द्या, सेव्ह करा. आजवर गूगलनंच आत जात असाल तर पासवर्ड नसेल. तो ठेवायची लिंक जुन्या ईमेलवरच येते, म्हणून मेलबॉक्स बंद व्हायची वाट पाहू नका. नंतर नव्या ईमेलनं आणि त्या पासवर्डनं एकदा लॉगिन करून प्लेलिस्ट दिसतात का ते पाहा. तोवर फोनवरचं जुनं लॉगिन तसंच राहू द्या.

नाव-फोटोचं काम सोपं आहे. ॲपमध्ये आपल्या प्रोफाइलवर जाऊन Edit दाबा. तुमच्या प्लेलिस्टवर पुढे नवं नाव दिसेल. युजरनेम मात्र बदलत नाही. ते अक्षर-आकड्यांचं कडबोळं दिसलं तरी त्याच्यासाठी नवं खातं काढू नका, कारण लायब्ररी त्याच्याशीच जोडलेली आहे.

एखादी प्लेलिस्ट या गडबडीत चुकून डिलीट झालीच, तर त्याच खात्याच्या पानावर Recover playlists असतं. तिथून ती 90 दिवसांपर्यंत परत आणता येते.