चेहरा वहिनीचा, परवानगी कुणाची?

प्रश्न : पुढच्या महिन्यात आईबाबांच्या लग्नाला 40 वर्षं होतायत. घोडबंदर रोडला हॉल घेतलाय. सरप्राइज म्हणून जुन्या गाण्यांच्या व्हिडिओंवर घरातल्यांचे चेहरे बसवतोय. नमुना म्हणून वहिनीचा चेहरा एका नाचाच्या गाण्यावर लावून फॅमिली ग्रुपवर टाकला. नाचणारीचे कपडे साधेच आहेत. फोटो दादाच्या लग्नाच्या अल्बममधला होता, आणि दादा ‘टाक की’ म्हणाला होता. वहिनी ऐरोलीत शिक्षिका आहे. ती प्रचंड चिडली, पोलिसांत जाईन असं तिनं ग्रुपवरच लिहिलंय. आत्याने तर तो स्टेटसलाही ठेवला होता. मावसबहिणीच्या 11 वर्षांच्या मुलीचा आणि वारलेल्या आजोबांचाही चेहरा वापरायचा होता. माझ्यावर गुन्हा होऊ शकतो का? बाकीच्यांना आता विचारू तरी कसं?

उत्तर : गुन्ह्याचं नंतर बघू. आधी आजच्या आज करायचं काम.

वहिनींना दोन ओळींचा मेसेज करा की व्हिडिओ मी सगळीकडून काढतोय, तुला एखादी प्रत स्वतःजवळ ठेवायची असेल तर सांग. तक्रार करायची की नाही हे त्यांनी ठरवायचंय, तेव्हा त्यांच्या फोनमधली प्रत पुसायला लावू नका. मग ग्रुपवर Delete for everyone करा. हा पर्याय साधारण दोनच दिवस मिळतो. त्यानंतर प्रत्येकाला फोन करून काढायला सांगणं हाच मार्ग उरतो. ग्रुपवरून व्हिडिओ गेला तरी ज्यांच्या फोनमध्ये तो आपोआप गॅलरीत उतरलाय तिथे तो तसाच राहू शकतो, म्हणून आत्यांना फोन करून गॅलरीतूनही काढायला सांगा, आणि त्यांनी पुढे कुणाला पाठवला होता का तेही विचारा. ज्या ॲपवर चेहरा बसवलात तिथे वहिनींचा फोटो अपलोड झालेला आहे. तो काढा, आणि लागलं तर तिथलं खातंही बंद करा. वहिनींचे ग्रुपवरचे मेसेज आणि त्यावरची तुमची उत्तरं मात्र पुसू नका. उद्या विषय वाढलाच, तर आक्षेप कळताक्षणी तुम्ही काय केलंत हे त्यातूनच दिसेल.

आता कायदा. तुम्ही लिहिलंय तसा व्हिडिओ असेल, म्हणजे अंगभर कपडे आणि साधा नाच, तर आजवर जे घडलं त्यावरून तुम्हाला शिक्षा होणं अवघड आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीचा गुन्हा आहे. फॅमिली ग्रुपवर टाकणं म्हणजे तिऱ्हाइतांपुढे प्रसिद्ध करणंच, त्यामुळे ‘घरातच तर होतं’ हा बचाव चालत नाही. पण त्यासाठी अब्रूला धक्का लावण्याचा हेतू लागतो, किंवा तसा धक्का बसेल हे माहीत असावं लागतं, किंवा तसं मानायला सबळ कारण असावं लागतं. शिवाय हा गुन्हा अदखलपात्र आहे, पोलीस थेट एफआयआर घेत नाहीत, दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. कलम 79, म्हणजे स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान, हे दखलपात्र आहे. तिथेही अपमानाचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. अश्लील चित्रण असतं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67 लागलं असतं आणि माझं हे उत्तर फार वेगळं असतं.

एवढं वाचून सुटकेचा निःश्वास टाकू नका. 356 आणि 79 या दोन्ही कलमांत प्रश्न येतो तो तुमच्या मनात काय होतं याचा, आणि त्या बाबतीत तुमची जागा आता बदलली आहे. पहिल्यांदा व्हिडिओ टाकलात तेव्हा वहिनींना इतकं लागेल हे माहीत नव्हतं, असं तुम्ही म्हणू शकता. आता त्यांनी लेखी ‘नाही’ म्हटलंय. यानंतर तोच व्हिडिओ हॉलमध्ये पडद्यावर लावलात किंवा कुणाला पुन्हा पाठवलात, तर ‘मला कल्पना नव्हती’ हे वाक्य तुम्हाला वापरता येणार नाही.

वहिनी एवढ्या का चिडल्या हेही कायद्याच्या अंगानेच समजून घ्या. लग्नाच्या अल्बममधला फोटो एवढंच सांगतो की त्या तिथे होत्या. तुमचा व्हिडिओ सांगतो की त्यांनी अमुक गाण्यावर, अमुक हावभाव करत नाच केला. ते त्यांनी केलेलं नाही. घरच्यांना गंमत कळते. पण आत्यांच्या स्टेटसवरून तो वहिनींच्या वर्गातल्या एखाद्या पालकाच्या फोनवर पोचला, तर त्याच्यासोबत ‘हे दिरानं प्रेमानं केलंय’ असा खुलासा जात नाही. खुलासा करायची वेळ वहिनींवर येते, तीही मुख्याध्यापकांच्या खोलीत.

दादांच्या ‘टाक की’ला कायद्यात किंमत शून्य आहे. सज्ञान बाईच्या चेहऱ्यासाठी तिच्या वतीनं नवरा होकार देऊ शकत नाही. अल्बमचे पैसे भरले म्हणूनही तो हक्क येत नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, सहसा काढून घेणाऱ्याचा असतो. पण कॉपीराइट त्या छायाचित्राचा असतो. त्यातल्या माणसाचा चेहरा दुसऱ्याच्या धडावर बसवायची मुभा त्यातून मिळत नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, ती लपवत नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा कोणाचीही माहिती वापरण्याआधी सहसा संमती मागायला सांगतो, पण व्यक्तीनं खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला त्यातून सूट आहे. म्हणजे घरातल्या घरात विचारण्याची सक्ती हा कायदा तुमच्यावर करत नाही. पण ही सूट घरगुती वापरापुरतीच आहे. तोच व्हिडिओ सगळ्यांना दिसेल असा इन्स्टाग्रामवर टाकलात तर तो घरगुती राहिला का, यावर वाद घालता येईल. सूट असली तरी त्या कायद्यातली संमतीची व्याख्या मला घरासाठीही उपयोगी वाटते. संमती मोकळेपणानं दिलेली हवी, विशिष्ट कामापुरती हवी, कशासाठी देतोय हे कळून दिलेली हवी, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता यायला हवी. तुम्ही बाकीच्यांना विचाराल ते याच मापानं विचारा.

वहिनींपासून सुरुवात करा, पण त्यांच्याकडे परवानगी मागू नका. फक्त माफी मागा. “वहिनी, तुझा फोटो मी तुला न विचारता वापरला, ते चुकलं. ग्रुपवरून काढलाय, आत्याच्या फोनमधूनही काढून घेतलाय. कार्यक्रमात तो नसेल.” इथेच थांबा. ‘पण सगळ्यांना आवडला होता’ हे शेपूट लावू नका, आणि समजूत घालायला दादांना किंवा आईंना पाठवू नका. सासूनं सांगितल्यावर सून ‘बरं’ म्हणते. त्या ‘बरं’ला मी संमती मानत नाही.

बाकीच्यांना ग्रुपवर विचारू नका. तिथे पहिल्या तिघांनी अंगठे दाखवले की चौथ्याला ‘नको’ म्हणणं जड जातं. एकेकाला फोन करा किंवा वेगळा मेसेज करा. आणि चेहरा बसवून झाल्यावर ‘बघ, कसं वाटतंय?’ असं विचारणं म्हणजे विचारणं नव्हे, कारण तोवर फोटो ॲपवर गेलेला असतो. आधी मूळ गाण्याचा तुकडा पाठवा. होकार आला की मग चेहरा बसवा, तयार झालेला तुकडा फक्त त्यांनाच दाखवा, आणि लावू का ते पुन्हा विचारा. मेसेज साधारण असा लिहा :

“आत्या, कार्यक्रमात दाखवायला गाण्यांचा व्हिडिओ करतोय. सोबतच्या तुकड्यात नटीच्या जागी तुझा चेहरा लावू का? वीस सेकंदांचं काम आहे. त्यासाठी तुझा फोटो एका ॲपवर टाकावा लागेल. तयार झालं की आधी तुलाच दाखवीन. हॉलमध्ये आलेले सगळे पाहुणे बघतील, ग्रुपवर किंवा स्टेटसला कुठेच जाणार नाही. नको वाटलं तर नुसतं ‘नको’ म्हण, कारण विचारणार नाही. रविवारपर्यंत काही बोलली नाहीस तर तुझा तुकडा करणार नाही.”

शेवटचं वाक्य गाळू नका. आपल्याकडे थोरामोठ्यांना तोंडावर नाही म्हणवत नाही, मग लोक उत्तरच देत नाहीत. गप्प राहण्याचा अर्थ नकार, हे तुम्हीच आधी सांगून टाकलंत की त्यांना संकोच पडत नाही. कुणी ‘मला नाचात नको, पण पेटी वाजवणाऱ्याचा चेहरा चालेल’ म्हणालं, तर तेवढंच करा.

मावसबहिणीच्या मुलीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : तिचा चेहरा ॲपवर टाकू नका. कायदेशीर संमती आईवडिलांनी द्यायची असते, आणि त्यांनी ती दिली तरी अकरा वर्षांच्या मुलीचा फोटो त्या कंपनीकडे किती काळ राहील हे ना तुम्ही सांगू शकता ना तिची आई. तिला सामील करायचंच असेल तर प्रत्यक्ष स्टेजवर दोन ओळी म्हणू द्या, अर्थात तिची तयारी असेल तर.

आजोबांचं वेगळं आहे. खासगीपणाचा हक्क माणसासोबत संपतो, असं दिल्ली उच्च न्यायालयानं 2023 मध्ये सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात म्हटलं होतं. पण बदनामीच्या कलमाचं पहिलं स्पष्टीकरण मृतांनाही लागू होतं : जिवंत असते तर त्यांच्या अब्रूला धक्का बसला असता, आणि जवळच्यांची मनं दुखवायच्या हेतूनं ते केलंय, असं असेल तर. तुमचा हेतू तसा नाही हे दिसतंच आहे. तरीही आजी असतील तर त्यांच्यासमोर बसून विचारा, फोनवर नको. त्यांना आधी घरी, चारचौघांत नव्हे, मूळ गाणं दाखवा. नवऱ्याचा चेहरा अचानक पडद्यावर हलताना, हसताना दिसला तर काहींना आनंद होतो, काहींच्या पोटात कालवतं, आणि यातलं काय होईल हे भर कार्यक्रमात कळणं बरं नाही. आजी नसतील तर आजोबांच्या सगळ्या मुलांना विचारा. तुमचे बाबाही त्यांतलेच आहेत, आणि ज्यांना सरप्राइज द्यायचं त्यांना विचारता येत नाही. अशा वेळी आजोबांचा साधा, न बदललेला फोटो लावावा. आईबाबांच्या स्वतःच्या चेहऱ्यांनाही हेच लागू. चाळीस वर्षांचे खरे फोटो घरात पडलेले असताना त्यांच्यावर काही बसवायची गरजच काय?

हॉलवाल्याशीही दोन शब्द बोलून ठेवा. प्रोजेक्टर चालवणारा मुलगा व्हिडिओ आपल्या लॅपटॉपवर कॉपी करून घेतो आणि तो तिथेच राहतो. आपला लॅपटॉप न्या, किंवा पेन ड्राइव्हवरूनच चालवायला सांगा आणि संपल्यावर काढून घ्या. परगावच्या नातेवाइकांसाठी कार्यक्रम यूट्यूबवर लाइव्ह असेल तर तेवढा वेळ कॅमेरा पडद्यावरून हलवायला सांगा, कारण ज्यांनी होकार दिलाय त्यांनी तो हॉलपुरता दिलाय.