त्यू, वू आणि वूव्वायेतला आगंतुक 'व'

प्रश्न: फ्रेंचमध्ये 'त्यूत्वाये' म्हणजे अरेतुरे करणे आणि 'वूव्वाये' म्हणजे अहोजाहो करणे, असं क्लासमध्ये सांगतात. मग कोणी वू, म्हणजे आदराचं 'तुम्ही', सोडून त्यू, म्हणजे 'तू', म्हणू लागलं, तर तो अपमान समजायचा का?

नाही. हा 'अरेतुरे' प्रत्येक वहीत उतरवला जातो आणि त्यानेच घोटाळा होतो. मराठीत अरेतुरे केल्याची तक्रार करतात. फ्रेंचमध्ये त्यूत्वाये करू या का, असं आधी विचारतात. विचारायचं ते वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने, आणि होकार मिळाला की दोघंही त्यू म्हणतात. न विचारता, एकाच बाजूने आलेला त्यू मात्र झोंबतो. फ्रान्सच्या पोलिसांसाठी २०१४पासून लागू झालेल्या आचारसंहितेत नागरिकांशी वू वापरण्याचं बंधन आहे, ते यासाठीच.

आता क्रियापदं पाहा. त्यूत्वाये सरळ आहे: 'त्यू' म्हणजे तू, 'त्वा' हे त्याच सर्वनामाचं ठसक्याचं रूप, आणि पुढे क्रियापदाचा प्रत्यय. पण वूव्वायेत दुसरा 'व' कुठून आला? 'वू'ला 'व्वा' असं रूपच नाही. जुना शब्द होता 'वूस्वाये'. त्यातला 'स' हा सर्वनामाच्या अखेरीस लिहिला जाणारा, एरवी न उच्चारला जाणारा 'स'. म्हणजे तो 'स' हक्काचा आणि हा 'व' आगंतुक. त्यूत्वायेत 'त' दोनदा ऐकू येतो, म्हणून इथे 'व' दोनदा आला. माझं तर मत आहे की ही दोन क्रियापदं कायम एका दमात उच्चारली जात असल्यामुळेच एकाने दुसऱ्याला आपल्या साच्यात ओढलं. वूव्वायेला भ्रष्ट म्हणून वूस्वायेचा हट्ट धरणारे शुद्धतावादी मला मुळीच पटत नाहीत. जोडीतला नाद जपून लोकांनी घडवलेला शब्द अशुद्ध कसा?

आणि वू सोडून त्यूवर येण्याचा अर्थ पाहायचा तर फ्रेंच नाटककार रासीनचं १६७७ सालचं नाटक 'फेद्र' वाचा. दुसऱ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात राणी फेद्र सावत्र मुलगा इपोलित याला वू म्हणते आहे. नवरा मेला अशी वार्ता आहे. नवऱ्याचं वर्णन करता करता आपण इपोलितच्याच प्रेमात आहोत हे ती बोलून जाते. इपोलित दचकतो. ती वू न सोडता सावरून घेते. तो आपलाच गैरसमज झाला म्हणून क्षमा मागून निघू लागतो, आणि तेव्हा ती म्हणते: निर्दया, तुला सगळं कळलंय! इथे पहिल्यांदा त्यू येतो आणि तिचं भाषण संपेपर्यंत टिकतो. यात अपमान नाही आणि मोठेपणाचा तोराही नाही. लपवायचं काही उरलेलं नाही एवढंच. इपोलित तिला उलट त्यू म्हणत नाही, आणि त्यातच तिला उत्तर मिळतं.

उलटा प्रवास जास्त बोचतो. त्यू म्हणणाऱ्या मित्राने भांडणानंतर वू म्हटलं, तर त्याने नातं तोडलं असं समजा.