यादी पाठ करून काही उपयोग नाही

प्रश्न: फॅमिली ग्रुपवर भाचे-पुतणे LOL, IDK, TBH, SMH असं काहीबाही लिहितात. सगळ्यांचे अर्थ एकत्र कुठे मिळतील? माझं वय ६४.

IDK म्हणजे माहीत नाही, TBH म्हणजे खरं सांगायचं तर, SMH म्हणजे काय बोलावं म्हणून निराशेनं मान हलवणं. LOL म्हणजे जोरात हसणं. त्याचा अर्थ ‘खूप प्रेम’ असा लावू नका. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून तोच अर्थ धरून मेसेजखाली LOL लिहायचे, हे २०१२ साली एका चौकशीत जगजाहीर झालं.

पण माझा अनुभव सांगते, ही मोठी अक्षरं निरुपद्रवी असतात. कळली नाहीत की आपण विचारतो. घात करतात ते ओळखीचे, सोपे शब्द, कारण ते आपल्याला कळलेत अशी आपली खात्री असते.

गेल्या गणपतीत मी नऊवारी नेसून आरतीचं तबक हातात घेतलेला फोटो ग्रुपवर टाकला. मागे मोदकांचं ताट दिसत होतं. नातीनं खाली लिहिलं, “Aaji ate!! No crumbs left 💀”. मला मधुमेह आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक. आजीनं खाल्लं, कणही उरला नाही, आणि पुढे कवटी! दहा मिनिटांत पुण्याहून मुलाचा फोन. “आई, किती मोदक खाल्लेस? खरं सांग.” मी म्हटलं, अर्धा. त्याला पटेना. “मग ती असं का लिहील?” रात्री साडेदहाला शेजारच्यांकडून ग्लुकोमीटर आणून बोट टोचायला लावलं आणि आकडा फोनवर वाचून घेतला. मुलगा पंचेचाळीस वर्षांचा, कंपनीत दिवसभर इंग्रजीच बोलतो, तरी त्याला कळलं नाही. तेव्हा हा वयाचा दोष आहे, हे आधी मनातून काढा.

सकाळी नातीनं उलगडा केला. ate म्हणजे बाजी मारली, फड जिंकला. कणही उरला नाही म्हणजे नाव ठेवायला जागाच ठेवली नाही. हा शब्दप्रयोग अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समलिंगी समाजाच्या नाच-नटण्याच्या स्पर्धांतून आलाय म्हणे. कवटी म्हणजे हसून किंवा कौतुकानं ‘मेले मी’. आपणही म्हणतोच की, हसून हसून मेले.

आता हे आधी ओळखता आलं असतं का? आलं असतं. ate लिहिलंय, पण काय खाल्लं ते कुठेच नाही. कर्म गायब. शिवाय शुगरची काळजी असलेली मुलगी दोन उद्गारचिन्हं कशाला देईल? वाक्य आपल्या अर्थानं नीट बसत नसेल, किंवा लिहिणाऱ्याच्या स्वभावाशी जुळत नसेल, तर तो शब्द आपल्या ओळखीचा नाही असं समजायचं. GOAT चंही तसंच. मला कुणी शेळी का म्हणेल? तो तर ‘आजवरची सर्वश्रेष्ठ’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा शब्द.

आमच्या मोठ्या भाऊजींना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, ही पोरं आळशी, भाषेचे लचके तोडतात. मी तार ऑफिसात २६ वर्षं काढली. तिथे शब्दागणिक पैसे पडायचे, तेव्हा “आई सिरियस, ताबडतोब निघा” एवढ्यावर माणसं रात्रीची गाडी पकडायची. तेव्हा कुणी आळशी म्हटलं नाही. एसएमएसमध्येही इंग्रजी अक्षरं १६० मावायची आणि देवनागरी फक्त ७०. पुढे दुसऱ्या मेसेजचे पैसे. मग पोरं रोमनमध्ये तोडून लिहायला शिकली, यात नवल काय? आणि भाऊजींची स्वतःची पत्रं? ‘सा.न.वि.वि.’ने सुरू, ‘ता.क.’ने संपलेली.

एक राहिलं. हे शब्द फार लवकर शिळे होतात, म्हणून स्वतः वापरायला जाऊ नका, फक्त ओळखा. आजारपण किंवा मृत्यूची बातमी असेल तर अर्थ लावत बसू नका, सरळ फोन करा. आणि नुसता 👍 जपून द्या. आपल्याला तो ‘बरं’ वाटतो, पण पुष्कळ पोरांना तो तुसडा वाटतो, ‘कळलं, आता पुरे’ असा.

परवा नातीनं भाऊजींच्या लग्नाची जुनी पत्रिका पाहिली आणि विचारलं, “आजी, हे ‘चि. सौ. कां.’ म्हणजे कोण? तीन बायका होत्या?” मी तिचा प्रश्न जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. भाऊजींनी त्यावर 👍 दिला. तो कुठल्या पिढीचा, ते मला अजून कळलेलं नाही.