ब्रँडला मेल: आकडे कोणते, दर किती?

मालवणातून खाण्यापिण्याच्या रील्स करतो. ४८ हजार फॉलोअर्स, व्ह्यूज साधारण २० हजार, एक रील ३ लाखांवर गेली. मसालेवाल्या ब्रँडला मेलमध्ये काय लिहू, किती मागू?

३ लाखांची रील मेलमध्ये मिरवू नका. शेवटच्या ११ रील्सचे व्ह्यूज चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा द्या. सरासरी काढलीत तर ती एकच रील आकडा फुगवते, आणि पुढची रील २० हजारांवर थांबली की ब्रँड परत फिरकत नाही.

दुसरा आकडा शहरांचा. इनसाइट्समध्ये मुंबई-ठाणे-पुण्याचे प्रेक्षक किती टक्के ते पाहा, स्क्रीनशॉट जोडा. मसाला विकत घेणारा चाकरमानी तिथेच बसलाय!

मेल असा:

"माझ्या रीलला साधारण २० हजार व्ह्यूज मिळतात. हजारी ३०० रुपयांप्रमाणे ६,००० आणि शूट-एडिटिंगचे ४,००० धरून एका रीलचे १०,००० रुपये. यात एकदा दुरुस्ती आली. रील तुमच्या जाहिरातीत वापरायची असल्यास ३० दिवसांचे ३,००० वेगळे."

हजारी ३०० हा फक्त नमुना; तुमचा दर तुम्ही ठरवा, पण हिशोब दाखवा. मग घासाघीस झाली तरी दुरुस्ती किंवा जाहिरातीचा हक्क कमी करता येतो, नुसतीच रक्कम कापावी लागत नाही.

तीन महिने दुसरा मसाला दाखवू नका म्हणाले, तर त्याचे पैसे निराळे. आणि 'पेड पार्टनरशिप'चं लेबल लावणार हे मेलमध्येच सांगून टाका.