एकाच रानातली माती, स्फुरद एकदा 9 आणि एकदा 34

प्रश्न : उसाचा खोडवा मोडून त्याच एकरातली माती दोनदा तपासली. एका अहवालात स्फुरद हेक्टरी 9 किलो, दुसऱ्यात 34. बाकी आकडे जवळपास सारखेच. तुमच्या प्रयोगशाळेची चूक की माझी?

उत्तर :

नमस्कार दादा,

अहवाल आमचेच, म्हणून आधी आमचीच चूक शोधली. उरलेली माती काढून प्रत्येक नमुना तीनदा पुन्हा तपासला. पहिल्याचा स्फुरद 9, 10, 9 आला. दुसऱ्याचा 31, 39, 28. आमचं द्रावण किंवा यंत्र बिघडलं असतं तर पहिलाही असाच हलला असता. म्हणजे दुसऱ्या मातीतच कुठेतरी स्फुरदाचे बारीक कण होते. कधी चमच्यात जास्त आले, कधी कमी.

तुमच्या सामू, सेंद्रिय कर्ब आणि पालाशात फरक नाही. शेणखताचा ढीग असलेल्या जागेची माती आली असती, तर कर्ब आणि पालाशही वाढले असते. एकटा स्फुरद उसळला की मला डीएपीचा वास येतो.

फोनवर तुम्ही सांगितलंत, खोडव्याला खत पहारीने दिलं होतं. पहारीच्या भोकात पडलेला स्फुरद चुनखडीच्या काळ्या रानात तिथेच अडकून बसतो, पाण्याबरोबर फारसा सरकत नाही. दुसरा नमुना मुलाने घाईत बुडख्याजवळच्या दोनच जागांवरून घेतला, आणि भरला खताच्या रिकाम्या पोत्यात! आता भोक दोषी की पोतं, हे मला माती बघून सांगता येणार नाही.

एका दाण्याचा हिशेब बघा. डीएपीचा दाणा साधारण 20 मिलिग्रॅमचा, त्यात मूळ स्फुरद सुमारे 4 मिलिग्रॅम. अर्धा किलो मातीत तो चुरला, तर किलोला 8 मिलिग्रॅम वाढतात. हेक्टरी वरच्या 15 सेंटिमीटर थरातली माती आम्ही सुमारे 22.4 लाख किलो धरतो, म्हणजे अहवालात 18 किलोची भर, एका दाण्याने! आम्ही तपासतो ती माती अवघी अडीच ग्रॅम असते.

म्हणून दोन्हींची सरासरी काढून 21.5 धरू नका. तो आकडा तुमच्या रानाचा नाही. पहिला नमुना तुम्ही नागमोडी चालत बारा जागांवरून घेतला होता, त्यामुळे लागणीच्या खताचा हिशेब 9 वर करा. 34 धरलात तर स्फुरद हात राखून टाकाल आणि ऊस उपाशी राहील.

तरी खात्री हवी असेल तर नांगरट आणि दोन कुळवाच्या पाळ्या झाल्यावर, नवीन खत टाकण्याआधी माती घ्या. दहा-बारा जागी इंग्रजी व्ही अक्षरासारखे वीतभर खोल खड्डे काढून कडेची सारख्या जाडीची माती खरवडा. स्वच्छ घमेल्यात एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत. पिशवी कापडाची, नवी. ती तपासणी मी स्वतः लावतो.