गाभारा, नंदादीप आणि दहा मात्रा

चि. …, अनेक आशीर्वाद.

मुळशीच्या विश्रांती शिबिरात सगळ्यांनी मिळून गायला लिहिलेलं धृपद मिळालं. ‘मनाच्या गाभारी तेवे नंदादीप, तुझिया चरणी निवालो मी.’ चाल गोड आहे. आयोजकांना कुठल्याच धर्माचं गाणं नकोय आणि तुझं म्हणणं, ‘बाई, मी देवाचं नावसुद्धा घेतलेलं नाही.’ नाव नाही घेतलंस, पण देऊळ अख्खं बांधून ठेवलंस.

आता एकेक शब्द बघ. दिवा कुणा एकाचा नाही. तो देव्हाऱ्यात असतो, चर्चमध्ये मेणबत्ती होऊन असतो, दर्ग्यात असतो, वीज गेल्यावर कुणाच्याही घरात असतो. नंदादीप मात्र देवापुढचाच, आणि गाभारा देवळाचाच. वारा नसलेल्या जागी न हलणारी ज्योत तुला हवी होती, हे कळलं. ती गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्तासाठी आलेली उपमा आहे. वापरायला बंदी नाही, पण कुठून आली ते माहीत असू दे.

खरी अडचण त्याहून पुढे आहे, ‘तुझिया चरणी’मध्ये. गाण्यात असा ‘तू’ आला की ते कुणाला तरी उद्देशून होतं, म्हणजे प्रार्थना होते. मग गाभारा काढून तिथे ‘आकाश’ घातलंस तरी भजन ते भजनच राहतं. शिवाय ‘तुझिया’, ‘निवालो’ ही अभंगाची बोली. ऐकणारा मनाने पंढरपूरला पोचलेला असतो. आणि जाता जाता, ‘निवालो’ बायकांनी कसं म्हणायचं? मराठीत ‘मी’ला क्रियापद जोडलं की बहुधा लिंग येतंच. सगळ्यांनी मिळून गायच्या गाण्यात कर्ता दुसराच असलेला बरा: वारा, पान, खांदे, हात.

म्हणून मी असं करून पाहिलं:

वारा पडला, पान थांबले
खांद्यांवरचे ओझे सुटले

कविता म्हणून तुझ्या ओळीपेक्षा साधी आहे, मान्य. पण ज्याला अनुभव म्हणायचं तो अंगावर घडणारा आहे. ‘आतला आत्मा अमर’ किंवा ‘मीच ब्रह्म’ असं लिहिलंस तर चिन्ह एकही नसताना सिद्धांत येतो, आणि बौद्ध माणूस आत्माच मानत नाही. तिथे त्याने ओठ मिटून बसायचं का?

यावर तुला सुचेल तो उपाय मला आधीच दिसतोय: एका कडव्यात ॐ, दुसऱ्यात ‘अल्ला हू’, तिसऱ्यात ‘बुद्धं सरणं गच्छामि’. तसं करू नकोस. ‘अल्ला हू’ हा सुफींचा जिक्र आहे, ईश्वराचं स्मरण. ‘बुद्धं सरणं’ तर त्रिशरणातली पहिली ओळ. ती म्हणणारा शरण जातो. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून लाखो लोकांनी ती उच्चारून आयुष्य बदललं. तेल मालिश आणि नाश्ता यांच्या मधल्या वेळेत वातावरणनिर्मितीसाठी ती लावणं मला तरी बरं वाटत नाही. आयोजकांना एखाद्या परंपरेची प्रार्थनाच हवी असेल, तर त्या परंपरेतल्या जाणत्या माणसाला बोलवावं, त्याने ती नीट सांगून म्हणावी. ते वेगळं काम, तुझ्या गाण्याचं नव्हे.

शब्द धुतलेस तरी वाद्यं चुगली करतात. भजनी ठेका आणि चिपळ्या आल्या की दिंडी निघाली. टाळ्यांवर समूह चढत गेला की कव्वाली. मी नुसता तानपुरा ठेवीन आणि झपतालाच्या दहा मात्रा मनात मोजीन, तबला नको. मिनिटाला साठ मात्रांची लय धरलीस तर एक आवर्तन दहा सेकंदांचं. पहिल्या सात मात्रांत ओळ गा, उरलेल्या तीन मोकळ्या सोड. गाताना श्वास आपोआप बाहेर जातो, मोकळ्या जागेत आत येतो; म्हणजे मिनिटाला सहा संथ श्वास, आणि ‘श्वास घ्या, श्वास सोडा’ असं शब्दांत सांगावं लागत नाही. सांगूही नकोस. दम्याच्या किंवा घाबऱ्या माणसाला श्वासाकडे लक्ष दे म्हटलं की कधी कधी तोच अडकतो. कुणाला सात मात्रा लांब वाटल्या तर लय थोडी वाढव, ओळ तोडू नकोस.

आणखी एक. शेवटी ‘ॐ शांतिः’ तीनदा जोडा, असं आयोजक हमखास सांगतील, कारण ते त्यांना कुठल्या धर्माचं वाटतच नाही. रोजच्या सवयीचं असलं की आपल्याला आपलं चिन्ह दिसत नाही. म्हणून पक्कं करण्याआधी वेगळ्या घरांतल्या तिघाचौघांना गायला लाव, त्यात एक देव न मानणारा असू दे. ‘आवडलं का’ विचारू नकोस, सगळे हो म्हणतील. कुठल्या शब्दापाशी आवाज बारीक होतो ते ऐक, तिथे खूण कर आणि ती वही घेऊन रविवारी ये.

तुझी,
बाई